शोधनिबंधाचे स्फुट होताना: एका औषधचाचणीच्या आधारे

शोधनिबंध लिहिला जातो तो शंका घेणाऱ्या तज्ज्ञ वाचकासाठी. प्रश्न काय होता, तो सोडवण्यासाठी काय केले, काय आढळले आणि त्यावर किती विसंबता येईल, या क्रमाने तो पुढे जातो आणि प्रत्येक पायरीवर वाचकाला पडताळणीची संधी देतो. वृत्तपत्रातल्या विज्ञान-सदराचे स्फुट दीडशे-दोनशे शब्दांचे असते. ते एकदाच आणि बहुधा घाईत वाचले जाते, आणि वाचकाच्या मनात त्यातले एखादेच वाक्य राहते. त्यामुळे दहा-बारा पानांतली प्रत्येक गोष्ट थोडी थोडी आखडून स्फुट तयार होत नाही. बहुतेक मजकूर पूर्णपणे सोडून द्यावा लागतो आणि दोन-तीन गोष्टी मात्र धडपणे, अर्धवट न ठेवता सांगाव्या लागतात.

वैद्यकीय चाचणीच्या बाबतीत या गोष्टी कोणत्या, हे सांगता येते. चाचणी कोणावर झाली, कशाशी तुलना केली, फरक किती पडला आणि हा निष्कर्ष कोणाला लागू नाही. यातली चौथी बाब सर्वांत आधी गळते आणि तिच्या गळण्यानेच सर्वांत जास्त नुकसान होते. हे नीट समजण्यासाठी एकच निबंध हाती घेऊन त्याचे स्फुट कसे होते, ते पाहणे उपयोगाचे आहे. त्यासाठी कोविडवरील उपचार तपासणाऱ्या, ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या चाचणीचा डेक्सामेथासोन या स्टिरॉइडवरील निबंध येथे निवडला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातले पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे हे या चाचणीचे प्रमुख. तिचा निष्कर्ष १६ जून २०२० रोजी प्रसिद्धिपत्रकातून जाहीर झाला, त्यानंतर आठवडाभरात निबंधाचा मसुदा सर्वांसाठी खुला झाला आणि १७ जुलैला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्राथमिक अहवाल छापून आला. औषध जुने, स्वस्त आणि कोणत्याही गावच्या औषध दुकानात मिळणारे होते. म्हणून बातमीतल्या प्रत्येक शब्दाला वजन होते.

निबंध वाचायला सुरुवात कोठून करावी, याचे उत्तर सारांश असे नाही. सारांश लेखकांनी लिहिलेला असतो आणि त्यात त्यांना महत्त्वाचे वाटलेलेच पुढे येते. आधी पद्धतीच्या भागात एक वाक्य शोधायचे: चाचणी सुरू होण्यापूर्वी मुख्य प्रश्न म्हणून काय ठरवले होते? येथे तो प्रश्न साधा होता. चाचणीत आल्यापासून २८ दिवसांत रुग्ण दगावला का? ताप किती दिवसांत उतरला किंवा रक्तातल्या अमुक घटकाचे प्रमाण किती घटले, अशा आडवळणाच्या मोजमापांवर ही चाचणी उभी नव्हती, आणि हे लक्षात आले की स्फुटाचा कणा सापडतो. नंतर थेट निष्पत्तीच्या कोष्टकाकडे जायचे. तेथे माणसे मोजलेली असतात, टक्के त्यानंतर येतात. डेक्सामेथासोन मिळालेले रुग्ण २,१०४ आणि केवळ नेहमीचे उपचार मिळालेले ४,३२१. पहिल्यांपैकी ४८२ दगावले, म्हणजे २२.९ टक्के, दुसऱ्यांपैकी १,११०, म्हणजे २५.७ टक्के. कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरांनी निवडले नव्हते, संगणकाने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. हा तपशील स्फुटात राहिलाच पाहिजे. एरवी बऱ्या स्थितीतल्या रुग्णांना औषध दिले गेले असावे, ही वाचकाची रास्त शंका त्याशिवाय फिटत नाही.

आता निवडीचा पहिला कठीण प्रसंग येतो. मुख्य प्रश्नाचे उत्तर २५.७ विरुद्ध २२.९ असे आहे, तर स्फुटात हेच आकडे द्यावेत का? सर्वसाधारण शिस्त हेच सांगते. एखाद्या चाचणीत एकूण परिणाम दिसत नसताना स्त्रियांत दिसला, साठीपुढच्यांत दिसला, असे उपगटातले निष्कर्ष पुढे करणारी बातमी बहुधा योगायोगालाच शोध समजत असते. रुग्णांचे जितके तुकडे पाडावेत, तितकी कोठेतरी फरक दिसण्याची शक्यता वाढते. या निबंधात मात्र स्थिती वेगळी होती. चाचणीत येताना रुग्णाला श्वासासाठी किती मदत लागत होती, त्यानुसार पाडायचे तीन गट आधीच ठरलेले होते. एकूण परिणाम स्पष्ट होता. आणि आजार जितका गंभीर तितका फायदा मोठा, असा सलग उतार तिन्ही गटांत दिसत होता. म्हणून येथे एकूण आकडा बाजूला ठेवून गटांचे आकडे देणे योग्य ठरते. एकूण आकडा खोटा नाही, पण तो एकाही प्रत्यक्ष रुग्णाचे वर्णन करत नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला मोठा फायदा आणि ऑक्सिजन न लागणाऱ्याला काहीच नाही, यांची ती सरासरी आहे.

ते तीन गट असे. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत नेहमीच्या उपचारांखाली ६८३ पैकी २८३ दगावले, म्हणजे ४१.४ टक्के, औषध मिळालेल्या ३२४ पैकी ९५, म्हणजे २९.३ टक्के. व्हेंटिलेटरविना ऑक्सिजनवर असलेल्यांत हेच प्रमाण २६.२ आणि २३.३ टक्के होते. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता, त्यांच्यात ते १४.० आणि १७.८ टक्के होते.

स्फुटात हे आकडे कसे मांडायचे, यावर त्याचा खरेपणा अवलंबून आहे. प्रसिद्धिपत्रकात व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटल्याचे म्हटले होते आणि ते बरोबर आहे. पण ‘एक तृतीयांशाने’ हे कशाच्या एक तृतीयांशाने, ते वाचकाला कळत नाही. शंभरातले ३० मृत्यू घटून २० झाले तरी एक तृतीयांश आणि हजारातले ३ घटून २ झाले तरी एक तृतीयांश. ऑक्सिजनवरील रुग्णांत निबंधाच्या हिशोबाने मृत्यूचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी झाले, प्रत्यक्षात मात्र शंभर रुग्णांमागे तीन मृत्यू टळले. दोन्ही विधाने खरी आहेत, पण पहिल्यातून दिसणारा फायदा दुसऱ्यापेक्षा फार मोठा वाटतो. शंभर माणसांमागे किती, ही मांडणी मराठी वाचकाला सवयीची आहे आणि तिच्यात औषध मिळाले तर किती व न मिळाले तर किती, हे दोन्ही आकडे शेजारी बसतात. म्हणून तीच घ्यावी. दशांश चिन्हे गाळावीत, ४१.४ आणि ४१ यांतला फरक या वाचकाच्या कामाचा नाही.

येथे एक सापळा आहे. सदरलेखक स्वतः भागाकार करू लागला तर ४१.४ वरून २९.३ म्हणजे २९ टक्क्यांची घट येते. निबंध मात्र ३६ टक्के घट सांगतो. दोन्हींचा मेळ बसत नाही, म्हणून निबंधात चूक आहे असे वाटू शकते. निबंधात चूक नाही. औषध मिळालेल्या गटाचे सरासरी वय दुसऱ्या गटापेक्षा सुमारे एक वर्षाने जास्त निघाले होते. या आजारात वयाबरोबर धोका झपाट्याने वाढतो, म्हणून संशोधकांनी वयाचा फरक हिशोबात धरून तुलना केली. शिवाय त्यांचे मोजमाप २८ दिवसांतल्या मृत्यूच्या वेगाचे होते, अखेरच्या एकूण टक्क्यांचे नव्हे. हे सर्व दीडशे शब्दांत समजावणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. गरज आहे ती दोन वेगळ्या हिशोबांतले आकडे एकाच वाक्यात न आणण्याची. ‘मृत्यू एक तृतीयांशाहून अधिक घटले, ४१ वरून २९ झाले’ असे लिहिले तर गणित करणारा जागरूक वाचक अडखळतो आणि त्याचा पुढच्या प्रत्येक आकड्यावरचा विश्वास उडतो. शंभरामागचे आकडे द्यायचे ठरले, की तेच शेवटपर्यंत द्यावेत.

सर्वांत नाजूक काम तिसऱ्या गटाचे आहे. ऑक्सिजन न लागणाऱ्या रुग्णांत औषध मिळालेल्यांपैकी शंभरात १८ आणि न मिळालेल्यांपैकी १४ दगावले. वरवर पाहता औषधाने चार जीव घेतले. पण या गटातले मृत्यू संख्येने कमी होते. वय हिशोबात धरून निबंधाने या गटासाठी दिलेली शक्यतेची पट्टी धोका ९ टक्क्यांनी कमी होण्यापासून ५५ टक्क्यांनी वाढण्यापर्यंत पसरलेली आहे. या पट्टीत थोडा फायदा बसतो, काहीच फरक नसणे बसते आणि बराच अपायही बसतो. म्हणून ‘औषधाने मृत्यू वाढतात’ हे विधान निबंधात नाही. ‘औषधाचा काही परिणाम होत नाही’ हेही त्यात नाही, कारण पट्टीचा मोठा भाग अपायाच्या बाजूला आहे. निबंधाशी इमान राखणारे वाक्य असे होईल: या रुग्णांना फायदा दिसला नाही आणि अपाय होण्याची शक्यता नाकारता आलेली नाही. हे वाक्य ठसठशीत नाही, वाचकाला आवडणारेही नाही, पण चाचणीतून जितके कळले तितकेच ते सांगते. पट्टीचे आकडे मात्र स्फुटात देऊ नयेत. ज्याने ही कल्पना कधी पाहिलेली नाही, त्याला ते दोन वेगवेगळे निष्कर्ष वाटतात.

काय सोडायचे, याचा निर्णयही असाच विचार करून घ्यावा लागतो. चाचणीत इतर औषधेही तपासली जात होती, रुग्णालये १७६ होती, रुग्णांचे सरासरी वय ६६ होते, लक्षणे सुरू होऊन आठवडा उलटलेल्यांना फायदा अधिक दिसला. यांपैकी शेवटची बाब तज्ज्ञाला महत्त्वाची वाटेल, तरी स्फुटात तिला जागा नाही. एक बाब मात्र जागेअभावी नव्हे, तर जाणीवपूर्वक गाळावी, ती म्हणजे औषधाची मात्रा. दिवसाला ६ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त १० दिवस, ही माहिती डॉक्टरला हवी असते आणि त्याला ती मूळ निबंधात मिळते. वृत्तपत्रात छापलेली मात्रा मात्र साथीच्या काळात कापून जपून ठेवली जाते आणि ती वाचून औषध घेतले जाते. स्टिरॉइडच्या बाबतीत हा धोका पत्करण्याजोगा नाही.

आता याच निबंधाचा घाईत लिहिलेला मसुदा कसा दिसेल, ते पाहावे. असा मसुदा येथे नमुन्यासाठी रचला आहे.

‘कोरोनाचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी करणारे स्वस्त औषध सापडल्याचे ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिवसाला ६ मिलिग्रॅम असे दहा दिवस दिल्यास रुग्णांचा जीव वाचतो. सहा हजारांहून अधिक रुग्णांवर ही चाचणी झाली. सौम्य लक्षणे असलेल्यांना मात्र या औषधाचा विशेष उपयोग नाही.’

जवळजवळ प्रत्येक शब्दाला निबंधात काही ना काही आधार आहे, तरी मसुदा चुकीचा आहे. एक तृतीयांश हा आकडा व्हेंटिलेटरवरील रुग्णांचा होता, तो सगळ्या कोरोनाबाधितांना लावला गेला. दहा दिवस ही कमाल मर्यादा होती, ती ठरलेली मुदत झाली. शेवटच्या वाक्यातली चूक जास्त खोल आहे. ऑक्सिजन न लागणारे रुग्ण ‘सौम्य’ नव्हते. त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते आणि औषधाविनाही त्यांच्यातले शंभरात १४ दगावले. घरी राहून बरे होणारे, ज्यांना खरोखर सौम्य म्हणता येईल असे रुग्ण या चाचणीत नव्हतेच. त्यांच्याविषयी निबंध काहीच सांगत नाही आणि नेमके तेच सदराचे बहुसंख्य वाचक असतात.

या मसुद्यात क्रमाचाही दोष आहे. जाहिरात वाढली किंवा शेजारची बातमी लांबली, की पानावर बसवताना मजकूर सहसा शेवटून कापला जातो. उपसंपादकाला निबंध वाचायला वेळ नसतो आणि शेवटचे वाक्य सर्वांत कमी महत्त्वाचे असेल, असे तो धरून चालतो. वृत्तपत्रीय लेखनाची रीत तशीच आहे. म्हणून ‘कोणाला लागू नाही’ हे वाक्य शेवटी ठेवणे म्हणजे ते कापले जाण्याची व्यवस्था करणे होय. त्याची जागा दुसरी. पहिल्या वाक्यातला फायदाही रुग्णांच्या गटासह सांगावा, म्हणजे मथळा देणाऱ्याच्या हाती तो गट आपोआप पडतो. मथळा सदरलेखक देत नाही, पण तो पहिल्या वाक्यातूनच उचलला जातो.

हे सर्व ध्यानात घेऊन लिहिलेले स्फुट असे होऊ शकेल.

‘डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडमुळे रुग्णालयात ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्या कोविड रुग्णांचे मृत्यू कमी होतात, असे ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत आढळले आहे. दाखल असूनही ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही. अपाय होण्याची शक्यताही नाकारता आलेली नाही. घरी राहून उपचार घेणाऱ्यांवर ही चाचणी झालेली नाही.

चाचणीत सुमारे ६,४०० रुग्ण होते आणि औषध कोणाला द्यायचे, हे संगणकाने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या, व्हेंटिलेटरवरील दर शंभर रुग्णांपैकी ४१ जण २८ दिवसांत दगावले. औषधही मिळालेल्यांत हा आकडा २९ होता. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत तो अनुक्रमे २६ आणि २३ होता.

हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती दाबते. आजार बळावल्यावर प्रतिकाराचा अतिरेक फुफ्फुसांना इजा करतो, असे मानले जाते. त्याआधी मात्र विषाणूशी लढण्यासाठी त्याच शक्तीची गरज असते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील या चाचणीचा प्राथमिक अहवाल “न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन”मध्ये प्रसिद्ध झाला आहे.’

शेवटचा परिच्छेद कापला गेला तरी वाचकाची दिशाभूल होत नाही. दुसराही गेला तरी उरलेली चार वाक्ये खरीच राहतात. स्फुट कोठेही तोडले तरी वरचा भाग खरा राहिला पाहिजे, ही चांगली कसोटी आहे. कारणमीमांसा मुद्दाम खाली ठेवली आहे आणि ‘असे मानले जाते’ एवढ्यावर थांबवली आहे. मृत्यू मोजले गेले होते. फुफ्फुसात नेमके काय घडले, हे या चाचणीने मोजले नव्हते. ‘प्राथमिक’ हा शब्दही भरतीचा नाही. जूनच्या प्रसिद्धिपत्रकात नेहमीच्या उपचारांखालील मृत्यूचे प्रमाण तीन गटांत ४१, २५ आणि १३ टक्के असे दिले होते; जुलैच्या अहवालात ते ४१.४, २६.२ आणि १४.० झाले. आकडे थोडे हलतात, म्हणून ते कोणत्या आवृत्तीतले आहेत, हे लिहावे लागते.

छापायला देण्यापूर्वी दोन तपासण्या पुरतात. पहिली आकड्यांची: स्फुटातल्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तो निबंधाच्या कोणत्या कोष्टकातला, हे दाखवता आले पाहिजे. प्रसिद्धिपत्रकातला आकडा कोष्टकात सापडला नाही, तर तो वापरू नये. दुसरी अर्थाची: विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला स्फुट एकदाच वाचायला द्यावे, कागद परत घ्यावा आणि ‘हे औषध कोणाला द्यायचे?’ एवढेच विचारावे. उत्तर ‘कोरोना झालेल्यांना’ असे आले, तर दोष वाचकाचा नसतो. पहिले वाक्य पुन्हा लिहावे लागते.

रुग्णांच्या गटाचा हा उल्लेख किती मोलाचा होता, ते भारतात दिसले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २७ जून २०२० रोजी उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत डेक्सामेथासोनचा समावेश केला, तो मध्यम आणि तीव्र आजाराच्या रुग्णांसाठी. २०२१च्या दुसऱ्या लाटेत मात्र सौम्य आजारात, अगदी पहिल्या दिवसांपासून स्टिरॉइड घेतले जाऊ लागले. दिल्लीच्या ‘एम्स’चे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांना त्या मे महिन्यात याविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती घटते. अनियंत्रित मधुमेहाच्या जोडीने ही स्थिती म्युकरमायकोसिसला अनुकूल ठरते. महाराष्ट्राला त्या बुरशीची मोठी झळ बसली.

एकाच चाचणीवर लिहिलेल्या स्फुटाला पुढे जोडस्फुटाची गरज पडते, हेही याच उदाहरणात दिसते. थोड्या मात्रेने फायदा होतो तर जास्त मात्रेने अधिक होईल का, हा प्रश्न त्याच ‘रिकव्हरी’ चाचणीने पुढे तपासला आणि त्याचे उत्तर २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्राणवायूची पातळी घटलेल्या, पण ऑक्सिजनविना किंवा साध्या ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना वाढीव मात्रा दिली, तेव्हा २८ दिवसांत शंभरात १९ दगावले. नेहमीच्या उपचारांखाली, ज्यात बहुतेकांना थोड्या मात्रेचे स्टिरॉइड मिळत होते, १२. येथे फरक योगायोगाचा म्हणता येण्याजोगा नव्हता, म्हणून या वेळी ‘मृत्यू वाढले’ असे सरळ लिहिता येते. २०२० मध्ये मात्रा गाळून छापलेले स्फुट या निष्कर्षानंतरही तसेच्या तसे खरे राहते.